पंधरा सेकंदांत समेवर

छोट्या व्हिडिओतलं गाणं जिथे थांबतं, तिथे कान देऊन ऐका. बहुतेक वेळा ते संपत नाही, तुटतं. गायकाचा शब्द अर्धा राहतो, तबल्याचा एखादा बोल हवेत लटकतो आणि पडदा काळा होतो. पाहणाऱ्याला ताल कळत नसला, तरी काहीतरी अपुरं राहिल्याचं त्याला जाणवतं. २०२० मध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणली, तेव्हा मर्यादा १५ सेकंदांची होती. ती नंतर वाढली. तरी जाहिराती, कार्यक्रमांची निमंत्रणं, मंडळांचे व्हिडिओ यांना आजही कुणीतरी ठरावीक लांबी नेमून देतंच. गाणं मात्र सेकंदांत बांधलेलं नसतं, ते आवर्तनांत बांधलेलं असतं. त्यामुळे आधी आवर्तनं मोजायची आणि मग ती सेकंदांत बसवायची, हाच क्रम ठेवावा लागतो. बहुतेक जण उलटं करतात. आवडत्या ओळीपासून १५ सेकंद मोजतात आणि तिथे कात्री लावतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. गणपतीचं एक गाणं आहे, केरव्यात. केरवा आठ मात्रांचा. क्लिप हवी आहे बरोबर १५ सेकंदांची आणि शेवट हवा आहे समेवर.

पहिलं काम म्हणजे आवर्तन किती वेळाचं आहे ते काढणं. ॲप गाण्याचा वेग आपोआप सांगतं, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. केरव्यात ते बहुधा दर दुसरी मात्रा एक ठोका म्हणून धरतं, कधी वेग दुप्पट सांगतं तर कधी निम्मा. सहा मात्रांच्या दादऱ्यात तर त्याचा हमखास गोंधळ होतो. स्वतः मोजणं अवघड नाही. गाणं ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं आणि मुखड्याच्या पहिल्या समेवर खूण करायची. तबल्याचा ठोका पडतो तिथे आवाजाची रेघ एकदम उंच उसळते, त्यामुळे जागा डोळ्यांनाही दिसते. मग आठ आवर्तनं ऐकत जायचं आणि त्यापुढच्या समेवर दुसरी खूण करायची. आपल्या गाण्यात पहिली सम आली ४२.३१ सेकंदांवर आणि आठ आवर्तनांनंतरची ५८.९५ वर. फरक १६.६४ सेकंदांचा, म्हणजे एक आवर्तन २.०८ सेकंदांचं आणि एक मात्रा ०.२६ ची. एकच आवर्तन मोजलं असतं, तर हाताची किरकोळ चूक पुढे सातपट झाली असती. आठ मोजल्यामुळे तीच चूक आठांत वाटली गेली.

मधलीही एक सम तपासावी. चार आवर्तनांनंतरची सम ५०.६३ वर पडायला हवी, आणि ती तिथे पडली तर लय स्थिर आहे. जुन्या गाण्यांत ती बऱ्याचदा तिथे पडत नाही. वादक एकत्र बसून, एकमेकांकडे पाहत वाजवायचे, अंतऱ्याकडे जाताना लय किंचित चढायची. त्या ध्वनिमुद्रणांतला जिवंतपणा त्यातूनच येतो. अशा गाण्यात गणितावर भिस्त न ठेवता प्रत्येक समेवर कानाने खूण करावी.

आता १५ सेकंद. सात आवर्तनं म्हणजे १४.५६ सेकंद आणि आठ म्हणजे १६.६४. आठ बसत नाहीत, सात घेतली तर ०.४४ सेकंद उरतात. नेमकं हे उरणंच आपल्या उपयोगाचं आहे. सात आवर्तनं पुरी झाल्यावर गाणं संपल्यासारखं वाटत नाही. ते संपतं आठव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर. तिहाई ऐकताना आपण जिथे मान हलवतो, ती हीच जागा. म्हणजे सात आवर्तनांच्या क्लिपमध्ये आठ समा लागतात, आणि शेवटच्या समेला घुमायला थोडी जागा लागते. क्लिप बरोबर १४.५६ वर कापली, तर सगळी वाट चालून दारात थांबल्यासारखं होतं. उरलेले ०.४४ सेकंद त्या शेवटच्या ठोक्याचे आहेत.

पण मूळ गाणं तिथे थांबत नाही. समेनंतर ०.२६ सेकंदांनी पुढची मात्रा वाजणार, कदाचित पुढच्या ओळीचा शब्दही सुरू होणार. साधा मार्ग असा की समेचा ठोका पूर्ण ताकदीने ऐकू द्यायचा आणि पुढची मात्रा येण्याआधीच आवाज झपाट्याने उतरवायचा. घाईच्या कामात हे चालून जातं. मला मात्र दुसरा मार्ग मनापासून आवडतो. सुरुवात मुखड्यातून घ्यायची आणि शेवट गाण्याच्या खऱ्या शेवटातून आणायचा. तिथे संगीतकाराने स्वतः ठोका मारून थांबवलेलं असतं आणि त्यानंतर फक्त वाद्यांची आस असते. आपल्या गाण्यात मुखड्याची पहिली तीन आवर्तनं घेऊ आणि गाण्याच्या शेवटच्या ठोक्याआधीची चार. तो ठोका आपोआप १४.५६ वर पडतो आणि त्याची आस १५ पर्यंत जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणं मुळातच एवढं होतं.

हा सांधा कुठे बसवायचा ते महत्त्वाचं आहे. समेवर समच जोडायची, हे तर आहेच. पण गायकाने सम येण्याच्या दोन मात्रा आधीच पुढचा शब्द उचललेला असेल, तर समेवर कापल्याने तो शब्द मधोमध चिरतो. मग कात्री गायक श्वास घेतो तिथे सरकवावी, समजा पाचव्या मात्रेवर. अट एकच, दोन्ही तुकडे त्याच मात्रेवर कापलेले हवेत. पहिला पाचवीच्या आधी संपला, तर दुसरा पाचवीपासूनच सुरू व्हायला हवा. एकूण आवर्तनं मग तेवढीच राहतात. सांधा ठोक्याच्या अगदी वर न ठेवता चार-पाच मिलिसेकंद अलीकडे ठेवावा, नाहीतर ठोक्याचं तोंड छाटलं जातं आणि तो बोथट ऐकू येतो. कापलेल्या जागी ‘टक’ असा आवाज आला, तर ध्वनीची रेघ मधल्या शून्यरेषेवर नसताना कापली गेली आहे असं समजावं. दोन्ही तुकड्यांना पाच-दहा मिलिसेकंदांचा उतार-चढ दिला की तो जातो.

हाच शब्द आधी उचलण्याचा प्रश्न क्लिपच्या आरंभीही येतो. आपल्या गाण्याचा मुखडा समेच्या दोन मात्रा आधी सुरू होतो असं धरा. त्या ०.५२ सेकंदांशिवाय ओळ लंगडी वाटेल, म्हणून त्या घ्यायलाच हव्यात. मग ०.५२ आणि १४.५६ मिळून १५.०८ होतात, आणि शेवटची सम ०.०८ सेकंदाने मर्यादेबाहेर जाते. इथे हातात दोन उपाय राहतात. एक आवर्तन कमी केलं, तर सम १३ व्या सेकंदावर पडते आणि पुढे दोन सेकंदांची आस मिळते. तेवढ्या वेळात पडद्यावर कार्यक्रमाचं नाव, तारीख, पत्ता दाखवायचा असेल तर ही जागा उत्तम. नाहीतर गाण्याची लय किंचित वाढवायची. ऑडॅसिटीत त्यासाठी Change Tempo आहे. त्यात वेग बदलतो, पट्टी बदलत नाही. लय तीन टक्के वाढवली, तर १५.०८ ची सम सुमारे १४.६४ वर येते आणि आसेलाही जागा मिळते. तीन टक्क्यांचा फरक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्याहून फार पुढे गेलं, तर तबल्याचे बोल दुहेरी वाजल्यासारखे, फाटल्यासारखे ऐकू येऊ लागतात. गाणं नुसतं वेगाने पळवून हे साधू नये. तीन टक्के पळवलं तर पट्टीही जवळजवळ पाव सुराने चढते, आणि ओळखीच्या आवाजातला तेवढा बदल लगेच खटकतो.

व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरणारा असेल, तर मात्र वरचा सगळा विचार उलटा करावा लागतो. तिथे शेवटची सम घ्यायचीच नाही, कारण क्लिप पुन्हा सुरू होते तेव्हा पहिलीच सम शेवटचीही असते. दोन्ही ठेवल्या तर ठेका तिथे अडखळतो. फिरत्या क्लिपची लांबी पूर्ण आवर्तनांचीच हवी, इथे १४.५६ सेकंद. १५ चा आग्रहच असेल तर सात आवर्तनं सुमारे तीन टक्के संथ करून नेमकी १५ सेकंदांत पसरवावीत. आणि फाइल एमपीथ्री करू नये. एमपीथ्रीमध्ये आवाज साधारण २६ मिलिसेकंदांच्या ठोकळ्यांत साठवला जातो आणि सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते. त्यामुळे काटेकोर कापलेली क्लिपही फिरताना दर वेळी उचकी देते. वेव्ह फाइलमध्ये ही अडचण येत नाही.

आता चित्रं ठेक्यावर बदलायची. दर दोन मात्रांनी, म्हणजे ०.५२ सेकंदांनी, नवं दृश्य हवं आहे. व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटींचा असेल, तर ०.५२ सेकंद म्हणजे बरोबर १३ चौकटी, काही प्रश्नच नाही. फोनवरचा व्हिडिओ बहुधा ३० चौकटींचा असतो, तिथे हेच १५.६ होतात. चौकट तर अर्धी करता येत नाही. म्हणून लोक प्रत्येक दृश्य १६ चौकटींचं करतात. पहिली दोन-चार दृश्यं ठीक वाटतात, मग चित्र हळूहळू ठेक्यामागे पडू लागतं. सात आवर्तनांत अशी २८ दृश्यं बसतात. दर दृश्याला ०.४ चौकट जास्त झाली, तर शेवटी ११ चौकटींहून अधिक, म्हणजे ०.३७ सेकंदांचा फरक पडतो. ही एका मात्रेहून मोठी चूक आहे. शेवट चुकला म्हणून लोक शेवटचंच दृश्य सरकवत बसतात, पण चूक पहिल्या दृश्यापासून साचत आलेली असते. प्रत्येक बदलाची जागा आधीच्या दृश्यापासून न मोजता क्लिपच्या आरंभापासून मोजावी आणि जवळची चौकट घ्यावी. मग दृश्यं कधी १५ तर कधी १६ चौकटींची होतात, पण कुठलंच ठेक्यापासून अर्ध्या चौकटीहून दूर जात नाही. दोन चौकटी सारख्याच जवळ असतील, तर अलीकडची निवडावी. चित्र आधी आणि आवाज किंचित नंतर, हे आपल्याला सवयीचं आहे. लांबवर कुणी कुदळ मारताना दिसतो तेव्हा तसंच घडतं. आवाज आधी आणि चित्र मागून आलं, तर मात्र ते फार लवकर बोचतं.

हे सगळं तपासताना वायरचे इअरफोन वापरावेत. ब्लूटूथवर आवाज बऱ्याचदा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही उशिरा पोहोचतो. ब्लूटूथ कानात घालून ठेक्यावर बोट मारत खुणा केल्या, तर त्या सगळ्याच तेवढ्या उशिरा पडतात. हे ओळखायचं कसं? साचलेली चूक शेवटाकडे वाढत जाते, ही मात्र पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत सारखीच राहते. तसं दिसलं तर एकेक दृश्य हलवत बसू नये. सगळ्या खुणा एकदम निवडून तेवढ्याच अलीकडे सरकवाव्यात.