वार उतरली, रक्त थांबेना

बाळ जन्मले, वार पडली, तरी रक्त थांबत नाही. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ लागते. त्याचे स्नायू आवळले नाहीत, तर त्यांच्या जाळीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात.

समजा, या बाईचा रक्तदाब १६०/१०० आहे आणि तिला दमाही आहे. परीक्षकांचा हा आवडता प्रश्न, आणि तो उगाच नाही.

जन्मानंतर लगेच ऑक्सिटोसिनची १० युनिट्स स्नायूत दिली जातात. त्याने स्नायूपेशीत कॅल्शियम वाढते आणि गर्भाशय लयीत आकुंचन पावते. मात्र मोठा डोस शिरेतून झटकन दिल्यास रक्तदाब कोसळतो. म्हणून पुढची मात्रा सलाइनमधून, हळूहळू.

तरीही गर्भाशय सैलच राहिले तर? अर्गोमेट्रिन ते घट्ट, सलग आवळते, पण शरीरातल्या इतर रक्तवाहिन्याही आकसतात. या बाईला ते दिले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कार्बोप्रोस्ट हे प्रोस्टाग्लँडिन श्वासनलिका आवळते, म्हणून दम्यामुळे तेही बाद.

उरते मिसोप्रोस्टॉल: ८०० मायक्रोग्रॅम, जिभेखाली. थंडी वाजून ताप येऊ शकतो, पण दमा वा रक्तदाब आड येत नाही.

निफेडिपिनसारखी टोकोलिटिक औषधे नेमकी उलट, कॅल्शियमची वाट अडवतात. अकाली कळा साधारण ४८ तास लांबवून बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड द्यायला ती वेळ मिळवून देतात. रक्तस्रावात त्यांना जागा नाही.