समजा, क्ष ही कोणतीही विषम संख्या आहे

‘आदरणीय सर, सा. न. वि. वि.’ अशी सुरुवात करून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने गणिताच्या प्राध्यापकांना दोन पानी पत्र लिहिले. चाचणीत सिद्ध करायला दिलेले विधान साधे होते: कोणत्याही विषम संख्येच्या वर्गातून १ वजा केला, की आलेल्या वजाबाकीला ८ ने पूर्ण भाग जातो. तिने ३ पासून २१ पर्यंतच्या दहा विषम संख्या तपासल्या. आकडेमोड कुठेही चुकली नाही, तरी पाचपैकी शून्य गुण. शेजारच्या मुलाने ‘समजा, क्ष ही कोणतीही विषम संख्या आहे’ असे लिहून चार ओळींत पाचही गुण घेतले.

पत्रात तिचे प्रश्न दोन होते. दहा उदाहरणे पुरत नसतील, तर किती पुरतील? आणि शेजाऱ्याचा क्ष म्हणजे तरी शेवटी एकच संख्या ना? मग त्याची एक संख्या माझ्या दहांना भारी कशी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या पत्रात सापडते. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात एक राशी दिली होती: क्ष² − क्ष + ४१. क्षच्या जागी १ घातला, तर ४१ मिळतात. २ घातले तर ४३, ३ घातले तर ४७, ४ घातले तर ५३. या सगळ्या मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या. असेच पुढे जात राहिले, तर ४० पर्यंत दरवेळी मूळ संख्याच मिळते, चाळिसावी १६०१. दहा उदाहरणांवर विसंबणाऱ्याने इथे डोळे मिटून ‘नेहमीच मूळ’ असे लिहिले असते. पण क्ष ४१ घेतला, की वजा ४१ आणि अधिक ४१ एकमेकांना खातात आणि उरतो ४१ चा वर्ग, म्हणजे १६८१. तो मूळ नाही. चाळीस साक्षीदारांची साक्ष एका उदाहरणाने मोडीत निघते. विषम संख्या तर संपतच नाहीत, त्यामुळे ‘किती पुरतील’ याला आकड्यात उत्तर नाही.

दुसरा प्रश्न अधिक बारीक आहे. क्ष ही एकच संख्या आहे, हे विद्यार्थिनीचे म्हणणे बरोबरच आहे. फरक पडतो तो त्या संख्येबद्दल आपण काय काय वापरले यात.

तिच्या यादीतली ७ ही संख्या घ्या. ७ चा वर्ग ४९, त्यातून १ गेला की ४८. हे ४८ म्हणजे (७ − १) गुणिले (७ + १), अर्थात ६ × ८. आठ समोरच दिसतो, काम झाले. पण हा आठ आला कुठून? सातात एक मिळवल्यावर आठ होतात म्हणून. तो ७ चा खासगी गुण आहे. विषमपणाशी त्याचा संबंध नाही. हाच युक्तिवाद ५ ला लावला, तर ४ × ६ मिळतात आणि त्यात आठ कुठेच दिसत नाही. उत्तर २४ येते, त्याला ८ ने भागही जातो, पण कारण निराळे असते.

शेजाऱ्याच्या चार ओळींत हे कारण होते. क्ष विषम आहे, म्हणजे तो २म + १ असा लिहिता येतो. इथे म ही पूर्ण संख्या. मग क्ष² − १ म्हणजे ४म² + ४म, अर्थात ४ × म × (म + १). म आणि म + १ या लागोपाठच्या संख्या असल्यामुळे त्यांतली एक सम असणारच. चार आधीच आहेत, त्यात दोनाची भर पडली, की आठ झाले. या चार ओळींत क्ष लहान की मोठा, मूळ की नाही, शेवटचा अंक कोणता, हे कुठेच विचारलेले नाही. वापरला तो फक्त विषमपणा आणि तो प्रत्येक विषम संख्येकडे आहे. म्हणून त्या ओळींत क्षच्या जागी ७ घाला, ५ घाला किंवा १००१ घाला, एकही पायरी ढासळत नाही.

अर्थात नुसते ‘समजा’ लिहिल्याने संख्या सर्वसाधारण होत नाही. ‘दोन विषम संख्यांची बेरीज सम असते’ हे सिद्ध करताना बरेच विद्यार्थी दोन्ही संख्या २म + १ अशाच लिहितात आणि बेरीज ४म + २ काढून सम असल्याचे सांगतात. निष्कर्ष खरा आहे, पण दोन्हीकडे तोच म घेतल्यामुळे दोन्ही संख्या नकळत समान झाल्या. ही चूक पकडायची सोपी खूण म्हणजे सिद्धतेतून निघणारी जास्तीची गोष्ट. ४म + २ ला ४ ने कधीच पूर्ण भाग जात नाही. मग या ‘सिद्धते’नुसार दोन विषम संख्यांच्या बेरजेला ४ ने भाग जाता कामा नये. पण १ आणि ३ यांची बेरीज ४ आहे. दुसऱ्या संख्येला २प + १ असे स्वतंत्र नाव दिले, की बेरीज २(म + प + १) येते आणि भलते काही निघत नाही.

मग एकेक उदाहरण तपासणे कायमच बाद का? तसे नाही. यादी संपणारी असेल, तर सगळी यादी तपासणे ही पक्की सिद्धताच असते. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा स्थिरांक याचे सुरेख उदाहरण आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. कुठे शून्य आले, तर तेही अंक म्हणून धरा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. उदाहरणार्थ, ३०८७ घेतल्यास ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि मग ८५३२ − २३५८ = ६१७४.

अशा संख्या ८९९१ आहेत. त्या सगळ्या हाताने तपासणे जिकिरीचे, पण इथेही ‘कोणतीही एक’ घेणे कामी येते. उतरत्या क्रमाने तिचे अंक अ, ब, क, ड माना. पहिली वजाबाकी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतकी येते. म्हणजे अंक कोणते याला महत्त्व नाही, फक्त दोन फरकांना आहे. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, अशा जोड्या मोजल्या तर त्या ५४ भरतात. ९८४१ आणि ३०८७ या दोन वेगळ्या संख्या ८ व ४ या एकाच जोडीमुळे पहिल्याच पायरीला ८३५२ वर येतात. उरलेली ५४ उत्तरे मात्र एकेक करून तपासावी लागतात आणि तसे करण्यात कमीपणा काहीच नाही.

विद्यार्थिनीच्या दहा उदाहरणांना शून्य मिळाले, कारण तिची यादी संपणारी नव्हती आणि न तपासलेल्या संख्यांबद्दल बोलणारी एकही ओळ तिच्या उत्तरात नव्हती. आपली सिद्धता कुणालाही अशी तपासता येते: ती लिहून झाल्यावर क्षबद्दल वापरलेल्या सगळ्या गोष्टी बाजूला मांडा. त्यात विधानाने न दिलेली एखादी गोष्ट असली, तर ती सिद्धता फक्त तो गुण असलेल्या संख्यांपुरती आहे.

ज्यांना कागद-पेन्सिल घेऊन बसायचे आहे, त्यांनी कापरेकरांची क्रिया तीन अंकी संख्यांवर करून पाहावी. तिथे पहिली वजाबाकी ९९ × (अ − क) एवढीच असते, त्यामुळे तपासायला फक्त नऊ उत्तरे उरतात आणि ती सगळी ४९५ वर येऊन थांबतात.