तारे एक सांगतात, शब्द दुसरंच

‘बिक’ या कंपनीने खास बायकांसाठी म्हणून ‘फॉर हर’ नावाची पेनं बाजारात आणली. २०१२ साली ॲमेझॉनवर त्यांच्या रिव्ह्यूंचा पूर आला. इतकी वर्षं पुरुषांची पेनं हातात मावत नव्हती, आता कुठे लिहिता येऊ लागलं, अशा आशयाचं कौतुक अनेकांनी केलं. काहींनी वर पाच तारेही दिले. ही सगळी कंपनीची उडवलेली टर होती. शब्द आणि तारे दोन्ही गोड असूनही अर्थ उलटा होता.

अशा रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट अनुवादाला येतो, तेव्हा पहिली अडचण डोळ्यांसमोरच असते. चित्रातून मजकूर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला अक्षरं वाचता येतात, पण भरलेला तारा आणि रिकामा तारा यांतला फरक ते अनेकदा हरवून बसतं. म्हणून चित्र स्वतः पाहून ‘५ पैकी १’ असं आधी लिहून घ्यावं लागतं.

नमुन्यादाखल एका चार्जरवरचा एकतारी रिव्ह्यू घेऊ:

`Great charger, if you love waiting. Came w/o cable. Replacement was DOA.`

यातल्या `w/o` चा अर्थ ‘शिवाय’. शेवटचा `o` वाचताना गळला, तर `w/` म्हणजे ‘सोबत’ उरतं आणि न मिळालेली केबल अनुवादात मिळून जाते. `DOA` हा मूळचा इस्पितळातला शब्द, आणण्यापूर्वीच मृत्यू झालेल्या रुग्णासाठीचा. खरेदीत त्याचा अर्थ, वस्तू आली तीच बंद.

आता पहिलं वाक्य. ‘वाट पाहायला आवडत असेल तर उत्तम चार्जर’ हे बरोबर आहे, पण मराठी वाचकाला ती शिफारस वाटू शकते. ‘चार्जर झकासच आहे, वाट बघायची हौस असेल तर!’ असं लिहिलं की टोमणा लगेच कळतो. पुढे: ‘सोबत केबल नव्हती. बदलून दिलेला तर आला तोच बंद.’

मात्र एक तारा आणि स्तुती एकत्र दिसली की तो टोमणाच, असं धरून चालत नाही. जर्मन शाळांत १ हा सर्वांत चांगला शेरा असतो. त्यामुळे तिथल्या एखाद्या ग्राहकाने खूश होऊन एकच तारा दिलेला असू शकतो. अशा वेळी मजकुरात ठोस तक्रार शोधावी लागते. वरच्या रिव्ह्यूत न आलेली केबल आणि बंद चार्जर आहे, म्हणून टोमणा पक्का ठरतो. नुसतं ‘फारच छान’ आणि एक तारा असेल, तर दोन्ही जसंच्या तसं ठेवून शेजारी टीप द्यावी: ‘तारे व मजकूर जुळत नाहीत, मूळ चित्र पाहावे.’