‘धर्म आणि माध्यमे’: अधिष्ठात्यांना पाठवायची टिपणी

विद्यापीठात नवा विषय सुरू करायचा, तर त्याची पहिली पायरी म्हणजे विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांना लिहिलेली दीड-दोन पानांची प्रस्ताव-टिपणी. सविस्तर अभ्यासक्रम तिला स्वतंत्र जोडलेला असतो. विषय किती क्रेडिटचा, कोणत्या सत्रात, कोणासाठी आणि कोण शिकवणार, एवढे टिपणीच्या पहिल्या परिच्छेदातच सांगायचे असते. उदाहरणार्थ, ‘पदवीच्या तिसऱ्या सत्रात कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घेता येईल असा 2 क्रेडिटचा, 30 तासांचा, 50 गुणांचा ऐच्छिक विषय, समाजशास्त्र व वृत्तपत्रविद्या विभाग मिळून शिकवतील, नव्या नेमणुकीची गरज नाही.’ शेवटचे वाक्य कोरडे वाटले तरी अधिष्ठाते ते सर्वांत आधी शोधतात.

त्यानंतर येतो या विषयाचा खरा अवघड भाग. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार, पूर्णपणे शासनाच्या निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात, धर्मांविषयीचा अभ्यास या मनाईत येत नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे वाट मोकळी आहे, पण प्रस्तावातला विषय धर्माविषयीचा अभ्यासच आहे, हे टिपणीतून दिसले पाहिजे. ‘हा विषय कोणत्याही धर्माचा प्रचार करणार नाही’ अशी हमी लिहून भागत नाही. हमी कोणीही देतो. वर्गात काय वाचले जाईल, काय पाहिले जाईल आणि गुण कशाला मिळतील, यातून ती सिद्ध व्हावी लागते.

दूरचित्रवाणीवरचा घटक घेऊ. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका जानेवारी 1987 पासून जुलै 1988 पर्यंत दूरदर्शनवर चालली. मालिकेच्या वेळी घरोघरी दूरचित्रवाणी संचाला हार घातले जात, उदबत्ती लावली जाई. टिपणीच्या पहिल्या मसुद्यात बहुधा असे वाक्य येते: ‘विद्यार्थ्यांना रामायणाचे सांस्कृतिक महत्त्व समजेल.’ इथे दोन चुका आहेत. ‘समजेल’ हे परीक्षेत तपासता येत नाही. शिवाय वाक्याचा विषय ग्रंथ झाला आहे, माध्यम बाजूला राहिले आहे. तेच असे लिहिता येते: ‘मालिकेच्या एका भागातील कॅमेऱ्याची जागा, चेहऱ्याचे समीपदृश्य आणि पार्श्वसंगीत यांच्या आधारे, पडद्यावरचे पाहणे प्रेक्षकाला दर्शनासारखे का वाटले, हे विद्यार्थी लिहून दाखवेल.’ आता श्रद्धाळू आणि अश्रद्ध, दोघेही हा प्रश्न सारख्याच कसोटीवर सोडवू शकतात. गुण निरीक्षणाला आहेत, श्रद्धेला नाहीत. टिपणीत असे एकच वाक्य नीट जमले, तर पानभर हमीपेक्षा ते जास्त काम करते.

उदाहरणांची निवडही बोलते. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातल्या देवदेवतांच्या तसबिरी, प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ आणि मग ‘रामायण’ अशी यादी सहज सुचते. तिन्ही उदाहरणे उत्तम आहेत, पण तिन्ही एकाच परंपरेतली. अभ्यासमंडळाच्या बैठकीत नेमका यावरच आक्षेप येतो, आणि तो रास्त असतो. फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले, 1616 मध्ये गोव्यात छापलेले ‘क्रिस्तपुराण’ यादीत आले, की छपाई आणि धर्म यांचे नाते वेगळ्या बाजूने उलगडते. कॅसेटच्या घटकात भजन, कव्वाली आणि भीमगीते शेजारी ठेवली, तर विद्यार्थ्याला तुलना करता येते. ही समतोलासाठी केलेली भरती नव्हे. स्वस्त कॅसेटमुळे गायकापर्यंत आणि श्रोत्यापर्यंत जाण्याची वाट कोणाकोणाला खुली झाली, हा प्रश्न तुलनेशिवाय सुटतच नाही.

तासांची वाटणी मग उदाहरणांवरून ठरते: छपाईला 7, चित्रपटाला 6, दूरचित्रवाणीला 7, कॅसेटला 5 आणि मोबाइलवरच्या थेट दर्शनाला 5. यूट्यूबपासून आंतरधर्मीय संवादापर्यंत सगळे कोंबलेला प्रस्ताव 30 तासांत शिकवून होत नाही, हे अनुभवी वाचक यादी पाहताच ओळखतो.

शेजारच्या विभागाचा उल्लेखही आवश्यक असतो. वृत्तपत्रविद्या विभागात ‘माध्यमे आणि समाज’ असा विषय आधीच असेल, तर कोणता घटक दोन्हीकडे येतो आणि नव्या विषयात वेगळे काय, हे टिपणीत दोन वाक्यांत सांगून त्या विभागप्रमुखांचे संमतिपत्र जोडावे. ते नसेल तर फाइल सहसा इथेच अडते. विद्यार्थी वारीत किंवा उरुसात जाऊन चित्रण करणार असतील, तर लोकांची संमती कशी घेतली जाईल, याची एक ओळ हवी. खर्चात प्रोजेक्टर असलेली खोली आणि ग्रंथालयासाठीची पुस्तके एवढेच येते.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत अधिष्ठात्यांच्या अनुकूल शेऱ्यानंतर प्रस्ताव अभ्यासमंडळापुढे जातो, तिथून विद्याशाखेकडे आणि अखेर विद्यापरिषदेकडे. त्यामुळे विषय जूनमध्ये सुरू करायचा असेल, तर टिपणी आधीच्या वर्षीच्या पावसाळी सत्रातच पाठवावी आणि अपेक्षित तारीख तिच्यात लिहावी.