अर्ध्या मिलिमीटरचा आधार

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथल्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून ऑलिम्पिकचे कांस्यपदक जिंकले. या प्रकारात ट्रिगर किती हलका असावा यावर नियमांचे खालचे बंधन नाही. त्यामुळे अशा स्पर्धांच्या रायफलींचे ट्रिगर बहुधा शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबालाच सुटतात. जुन्या पोलीस बंदोबस्तात सर्रास दिसणारी .३०३ ली-एनफील्ड घेतली, तर तिच्या ट्रिगरला शेवटी सव्वादोन ते पावणेतीन किलोचा जोर लागतो. दोन्ही रायफलीच आहेत आणि दोन्हींत बोटाने एक पट्टी मागे ओढायची असते. तरी एकीला दुसरीच्या वीस-पंचवीस पट जोर लागतो. हा फरक कशातून येतो आणि तो स्क्रू फिरवून घरी कमी करायला गेल्यावर माणसे का दगावतात, हे समजण्यासाठी रायफलीच्या पोटात डोकवावे लागते.

बोल्ट पुढे ढकलून बंद केला की फायरिंग पिन एका जोरकस स्प्रिंगविरुद्ध ताणलेल्या अवस्थेत अडकून राहते. तिला अडवणाऱ्या तुकड्याला सिअर म्हणतात. स्प्रिंगच्या रेट्यामुळे सिअरला सतत खाली घसरायचे असते आणि ट्रिगरची एक बारीक कड तिला खालून आधार देऊन धरते. बोटाने ट्रिगर ओढला की ती कड सिअरखालून सरकते, सिअर पडते, फायरिंग पिन सुटते आणि गोळी उडते. कड आणि सिअर एकमेकींवर किती टेकलेल्या आहेत, हे माप साध्या शिकारी रायफलीत अर्ध्या मिलिमीटरच्या घरात असते. फळीवर ठेवलेला तांब्या जितका कडेला सरकवावा तितका तो धक्क्याने पडायची शक्यता वाढते, तसेच इथे घडते.

म्हणजे बोटाला जाणवणारा जोर दोन ठिकाणांहून येतो. सिअर आणि कड एकमेकींवर घासताना होणारे घर्षण हे एक. ट्रिगरला पुन्हा जागेवर आणणारी छोटी परतीची स्प्रिंग हे दुसरे. बोटाला मात्र या दोन्हींचा एकच एकत्रित दाब कळतो, त्यातला कुठला भाग कमी झाला हे कळत नाही.

सिंगल-स्टेज ट्रिगरमध्ये ओढायला सुरुवात करताच बोट थेट या आधारावर येते. आधी मोकळा प्रवास नसतो. ट्रिगर जागचा हलल्यासारखा वाटतही नाही आणि जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एकदम सुटतो. सुटणे स्वच्छ हवे असेल, तर टेकण्याचे माप लहानच ठेवावे लागते. रायफल पाठीवर असो, हातात असो वा जीपमध्ये हिंदकळत असो, ते लहान माप सदैव तेवढेच असते.

टू-स्टेजची रचना याहून शहाणी आहे, आणि ती आली लष्करातून. माउझर ९८ किंवा ली-एनफील्डच्या ट्रिगरच्या वरच्या अंगाला दोन उंचवटे असतात. पहिल्या टप्प्यात एक उंचवटा टेकलेला असतो. ट्रिगर बराचसा मागे येतो आणि सिअरचा मोठा आधार हळूहळू कमी होत जातो. मग दुसरा उंचवटा टेकतो, तरफेचा हिशेब बदलतो आणि बोटाला अचानक भिंत लागल्यासारखी वाटते. ली-एनफील्डमध्ये पहिल्या टप्प्याला ३ ते ४ पौंड, म्हणजे साधारण दीड किलो, आणि दुसऱ्याला ५ ते ६ पौंड जोर लागावा असे ब्रिटिश लष्कराचे माप होते. भिंतीपाशी पोचलेल्या नेमबाजाला ठाऊक असते की आता उरला तो शेवटचा बारीक अंश.

यातला खरा फायदा सुरक्षिततेचा आहे. बोट ट्रिगरवर नसताना सिअर भरपूर आधारावर उभी असते. आधार बारीक होतो तो फक्त नेमबाज स्वतः पहिला टप्पा ओढतो तेवढ्या क्षणांपुरता. चिखलात पडणाऱ्या आणि खंदकात उड्या मारणाऱ्या सैनिकाच्या रायफलीला हेच हवे होते. स्पर्धेचा नेमबाजही याच कारणाने इतक्या हलक्या ट्रिगरवर विश्वास ठेवू शकतो. त्याच्या रायफलीत दाबाचा मोठा वाटा पहिल्या टप्प्याला देता येतो, आणि ती रेंजवर, लक्ष्याकडे तोंड करूनच भरली जाते.

मात्र टू-स्टेज म्हणजे अभयदान नव्हे. स्पर्धेच्या ट्रिगरमध्ये दुसरा टप्पा कुठून सुरू व्हावा यासाठी वेगळा स्क्रू असतो. तो अती फिरवला तर भिंतीपाशी उरणारा आधार जवळजवळ नाहीसाच होतो. अशा वेळी नेमबाजाने पहिला टप्पा ओढला, नेम जमला नाही म्हणून बोट सोडले आणि तेलाचा जुना थर किंवा खडबडीत कड यांमुळे ट्रिगर पूर्ण परतलाच नाही, तर सिअर काठावर टांगलेली राहते. बाहेरून मात्र रायफल नेहमीसारखीच दिसते.

स्क्रूंची सगळी कथा एकाच रायफलीच्या आधारे सांगता येते: अमेरिकेतली रेमिंग्टन मॉडेल ७००. १९६२ पासून लाखोंनी खपलेली ही शिकारी रायफल. अमेरिकन मरीन सैनिकांची एम-४० ही स्नायपर रायफलही तिच्यावरूनच घडवली गेली. तिचा ट्रिगर माइक वॉकर या अभियंत्याने १९४० च्या दशकात रचला. हा सिंगल-स्टेज ट्रिगर त्या काळी इतका मऊ आणि स्वच्छ सुटे की साध्या कारखानी रायफलीला जणू स्पर्धेच्या रायफलीचा ट्रिगर लाभला होता.

त्याच्या पेटीत तीन स्क्रू होते. मागचा स्क्रू सिअर किती टेकेल हे ठरवी. पुढे खाली असलेला परतीच्या स्प्रिंगचा दाब ठरवी आणि पुढे वर असलेला सुटल्यानंतर ट्रिगर किती मागे जाईल ते. कारखान्यातून निघताना हे स्क्रू पक्के करून त्यांवर मोहर लावलेली असे. पण ट्रिगर जड आहे, हलका करू या म्हणून घरोघरी पेचकस हाती घेणारे शिकारी थोडे नव्हते.

पहिला मोह मागच्या स्क्रूचा. तो फिरवून टेकणे कमी केले की ट्रिगर हलका आणि कुरकुरीत होतो, फरक लगेच जाणवतो. पण आता बोल्ट जोरात बंद केला किंवा रायफलीचा दस्ता दगडावर आपटला, तर बोट कुठेही नसताना सिअर घसरू शकते. उत्पादकांच्या अमेरिकन संस्थेने ठरवलेल्या चाचणीत म्हणूनच ताणलेली रायफल वेगवेगळ्या बाजूंनी एक फूट उंचीवरून रबराच्या पट्ट्यावर पाडून पाहतात. फिरवलेला स्क्रू ही चाचणी पुन्हा द्यायला जात नाही.

दुसरा मोह जास्त फसवा आहे, कारण तो निरुपद्रवी वाटतो. टेकणे जसेच्या तसे ठेवून फक्त स्प्रिंगचा स्क्रू सैल केला तर बिघडेल काय? बिघडते ते असे. वॉकरच्या रचनेत सिअरला आधार देणारी कड ट्रिगरला जोडलेली नव्हती. ती एक वेगळी पातळ पट्टी होती, ट्रिगरवर नुसती टेकवलेली. सिअर पडताना ती ट्रिगरपासून क्षणभर सुटे आणि स्प्रिंगच्या जोरावर परत येई. त्या क्षणभराच्या फटीत धूळ, तेल, धातूचा कीस शिरायला वाव होता. स्प्रिंग दमदार असेल तर पट्टी अडथळा सारून जागेवर येईल. स्प्रिंग सैल केली असेल तर ती अर्ध्यातच अडेल.

इथे सेफ्टीचा खेळ सुरू होतो. या रायफलीची सेफ्टी लावली की एक कॅम सिअरला वर उचलून धरतो. तेवढा वेळ खालच्या पट्टीवर भार नसतो. सेफ्टी काढली की सिअर खाली येते आणि पट्टी तिथे असेल तर तिच्यावर विसावते. पट्टी परतलेलीच नसेल तर सिअर थेट खाली पडते. म्हणजे ट्रिगरला हात न लावता, फक्त सेफ्टी काढताना गोळी सुटते. सुरक्षित होण्यासाठी केलेली कृतीच घातक ठरते.

ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यात शिकारीहून परतलेले एक कुटुंब रायफल रिकामी करत होते. त्या काळच्या रचनेत सेफ्टी लावली की बोल्टही कुलूपबंद होई. गोळी काढायची तर सेफ्टी काढावीच लागे. आईने सेफ्टी काढली, रायफल उडाली, गोळी घोड्यांच्या ट्रेलरमधून आरपार गेली आणि पलीकडे उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. तिचे बोट ट्रिगरवर नव्हते, असे कुटुंबाने सांगितले. बोल्ट कुलूपबंद करणारी सेफ्टी रेमिंग्टनने १९८२ पासून नव्या रायफलींत सोडून दिली होती. पण आधीच्या रायफली लोकांच्या घरीच होत्या.

रेमिंग्टनने रचनेत दोष असल्याचे कायम नाकारले. अपघातांमागे अस्वच्छता, हलगर्जी आणि लोकांनी परस्पर फिरवलेले स्क्रू आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. स्क्रूंबाबत हे अगदी खोटे नव्हतेच. पण २०१० मध्ये सीएनबीसी वाहिनीने पुढे आणलेल्या कागदपत्रांनुसार वॉकरने स्वतः १९४८ मध्ये अधिक सुरक्षित बदल सुचवला होता. त्याचा खर्च रायफलीमागे साडेपाच सेंट होता आणि तो केला गेला नाही. ज्या ट्रिगरचे स्क्रू ग्राहक फिरवणार हे दिसत असते, त्याची रचना चुकीच्या हाताला माफ करणारी असायला हवी. इथे कंपनीचे उत्तर अपुरे पडते. पुढे २०१८ मध्ये पक्का झालेल्या सामूहिक तडजोडीतून जुन्या रायफलींचे ट्रिगर बदलून देण्याचे ठरले. त्याआधी आलेला नवा एक्स-मार्क प्रो हा ट्रिगरही २०१४ मध्ये परत मागवावा लागला. जुळणीच्या वेळी काहींत चिकटवण्याचा पदार्थ जास्त लागला होता.

तिसऱ्या स्क्रूबद्दल थोडक्यात. सुटल्यानंतरचा मागचा प्रवास फार आखडला तर कड सिअरपासून पुरती दूर होत नाही. सिअर घासत पडते, किंवा ट्रिगर ओढूनही अडकून राहते आणि पुढच्या हिसक्याला सुटते.

ज्यांच्याकडे परवान्याची जुनी रायफल आहे किंवा जे वापरलेली घेणार आहेत, त्यांनी एवढे जरूर पाहावे. चेंबर आणि मॅगझिन रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा खात्री करावी आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवावी. रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करून फायरिंग पिन सुटते का, ते बघावे. ती पुन्हा ताणून सेफ्टी लावावी, ट्रिगर ओढून सोडावा, मग सेफ्टी काढावी. टक् असा आवाज आला तर ती रायफल भरू नये. स्क्रूवरची मोहर तुटलेली दिसली किंवा ट्रिगर सोडल्यावर झटकन परतण्याऐवजी रेंगाळला, तरी तीच गोष्ट. चाचणीत काही आढळले नाही म्हणून रायफल निर्दोष ठरत नाही, कारण कीस रोज त्याच जागी अडकत नाही. दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथकडेच करून घ्यावी, आपल्याकडे शस्त्र कायद्यानेही दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो. आणि हलकाच ट्रिगर हवा असेल, तर जुन्याचे स्क्रू सैल करण्यापेक्षा त्या दाबासाठीच घडवलेला ट्रिगर बसवून घ्यावा.