दहाने भागा, पण सगळंच नाही

कंपनीचा वार्षिक अहवाल मराठीत आणताना भाषेपेक्षा आकड्यांचाच घाम जास्त फुटतो. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका अहवालात तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: रक्कम दशलक्ष रुपयांत, प्रतिसमभाग आकडे वगळून. सगळा घोळ या शेवटच्या तीन शब्दांनी केला.

आपला वाचक दशलक्षात विचार करत नाही, त्याला कोटी हवेत. एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष, म्हणून दहाने भागायचं. उत्पन्न ४८,७२६.४ दशलक्ष होतं, ते ४,८७२.६४ कोटी झालं. नफा ३,११२.५ होता, तो ३११.२५ कोटी. इथवर ठीक. पण माझ्या सहकाऱ्याने अख्खा रकाना एका फटक्यात भागला आणि प्रतिसमभाग मिळकत २३.४० रुपयांची २.३४ रुपये झाली. ती मुळातच साध्या रुपयांत होती. टक्केवारीलाही असाच हात लागला होता.

चूक सापडली ती साध्या भागाकाराने. समभाग १३३ दशलक्ष, म्हणजे १३.३ कोटी. ३११.२५ ला १३.३ ने भागलं की २३.४० येतात. तक्ता संपला की असा एक ताळा करायचाच, ही सवय मला तेव्हापासून लागली.

अध्यक्षांच्या निवेदनात तेच उत्पन्न ‘४८.७ अब्ज’ होतं. अब्ज म्हणजे शंभर कोटी, म्हणून ४,८७० कोटी. पण तक्त्यात तर ४,८७२.६४! मूळ लेखकाने आकडा गोळाबेरीज करून दिला होता, तेव्हा मराठीतही ‘सुमारे’ लिहायला हवं. नाहीतर भागधारकांच्या सभेत कोणीतरी वरचे अडीच कोटी कुठे गेले म्हणून उठणारच. परकी चलनाचं मात्र मी रूपांतर करत नाही. ३.२ दशलक्ष डॉलर हे ३२ लाख डॉलरच राहतात, कारण रुपयांत मांडायचे तर दर कोणत्या दिवसाचा, हे ठरवणं अनुवादकाचं काम नव्हे.

तारखेची गंमत वेगळीच. अमेरिकी भागीदाराच्या पत्रात 03/04/2024 असं होतं. तिकडे महिना आधी, म्हणजे ४ मार्च. आपण वाचणार ३ एप्रिल, आणि ३१ मार्चला आपलं आर्थिक वर्ष संपत असल्यामुळे तो व्यवहार सरळ पुढच्या वर्षात जाऊन पडणार. म्हणून महिना नेहमी अक्षरांत. त्याच पत्रातला ‘टन’सुद्धा तिकडचा निघाला, साधारण ९०७ किलोंचा, आपला हजाराचा.

मराठी अहवाल हाती आला, तर आधी तक्त्याच्या डोक्यावरची ती बारीक ओळ वाचा.