पाया गोल, पण उत्तरात पाय नाही

तीन सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ कागदावर काढा. त्यात एकमेकींना समांतर अशा जीवा ओढा आणि प्रत्येक जीवेवर, तीच बाजू धरून, पुठ्ठ्याचा एकेक चौरस उभा करा. मधला चौरस सहा सेंटिमीटरचा. कडेकडे जाताना चौरस बुटके होत जातात आणि शेवटी नाहीसे होतात. हे पुठ्ठे अगदी दाटीवाटीने उभे केले, तर एक भरीव आकार तयार होतो. त्याचं घनफळ किती?

केंद्रापासून x अंतरावरच्या जीवेची अर्धी लांबी पायथागोरसच्या नियमाने मिळते: तिचा वर्ग 9 − x². पूर्ण जीवा त्याच्या दुप्पट, म्हणून चौरसाचं क्षेत्रफळ चौपट, म्हणजे 36 − 4x². चुका होतात त्या इथेच. अर्ध्या जीवेलाच बाजू समजलं की उत्तर थेट पाव होतं.

आता एकेक सेंटिमीटर जाडीचे सहा काप घेऊ आणि प्रत्येकाच्या मध्यावरचं क्षेत्रफळ मोजू. एका बाजूला 35, 27 आणि 11, दुसऱ्या बाजूला तेच, बेरीज 146. काप अर्ध्या सेंटिमीटरचे केले तर 144.5. काप जितके पातळ, तितकं उत्तर 144 कडे सरकतं. संकलनाने नेमके 144 घन सेंटिमीटर येतात.

पाया गोल असूनही उत्तरात π नाही! हा आकार ज्या घनात मावतो त्याचं घनफळ 216, आणि 144 म्हणजे त्याचे बरोबर दोन तृतीयांश. आर्किमिडीजने एराटोस्थेनीसला लिहिलेल्या ग्रंथात हेच प्रमाण दिलं आहे, पण वेगळ्या आकारासाठी: काटकोनात एकमेकांत घुसलेल्या दोन सारख्या दंडगोलांचा सामाईक भाग. त्याचेही छेद चौरसच, त्याच मापाचे. फक्त ते जमिनीवर उभे नसून मध्यरेषेभोवती रचलेले. समान अंतरावरचे छेद समान असले की घनफळही समान, मग रचना कशीही असो. हायबर्गने 1906 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या खरवडलेल्या हस्तलिखितात हा हरवलेला ग्रंथ वाचला.

चौरसांऐवजी जीवेला व्यास धरून अर्धवर्तुळं उभी केली, तर प्रत्येक छेद चौरसाच्या π/8 पट होतो. 144 ला त्याने गुणलं की 18π, म्हणजे सुमारे 56.5. हा आकार आपल्या ओळखीचाच निघतो: त्याच त्रिज्येचा अर्धगोल. त्यामुळे ताळा आपोआप होतो. व्यासाला चुकून त्रिज्या समजलात तर 72π, म्हणजे सुमारे 226 येईल, आणि ते पूर्ण गोलाच्या 36π पेक्षाही जास्त असल्याने चूक लगेच कळते.

वर्तुळ कोणत्याही दिशेने कापा, काही फरक पडत नाही. पण पाया अर्ध्या वर्तुळाचा घेऊन बघा. व्यासाला समांतर जीवांवर चौरस उभे केले तर घनफळ 72. व्यासाला काटकोनात कापून केले तर फक्त 36. प्रश्नात कापाची दिशा दिलीच नसेल, तर तो अपुरा आहे, सोडवायला बसू नये.